फाइल पाठवली ती मीनानेच

‘मीना सेंट द फाइल टू द मिनिस्टर ऑन मंडे.’ मीनाने सोमवारी मंत्र्यांना फाइल पाठवली. इंग्रजीच्या कुठल्याही पुस्तकात सापडेल असं हे साधं वाक्य. पण कचेरीत या फाइलवरून वाद पेटलेला आहे असं समजा. एकजण म्हणतो, फाइल सुरेशने पाठवली. दुसऱ्याच्या मते ती मंगळवारी गेली. तिसऱ्याला वाटतं, ती मंत्र्यांकडे नाही, सचिवांकडे गेली. तिघांनाही वरचंच वाक्य ऐकवलं, तर त्यात खोटं काही नाही. पण कोणाचं नेमकं काय चुकलं ते त्यातून कळत नाही.

बोलताना हा पेच सुटतो. ‘मीना’वर आवाज चढवला की पहिल्याला उत्तर मिळतं, ‘मंडे’वर चढवला की दुसऱ्याला. कागदावर आवाज नसतो. मराठीत त्याची फारशी अडचण होत नाही, कारण आपल्याकडे ‘च’ आहे. मीनानेच, सोमवारीच, मंत्र्यांनाच: हवा त्या शब्दाला तो चिकटतो आणि काम होतं. शिवाय वाक्य फिरवायची सोय आहे: ‘फाइल पाठवली ती मीनाने’, ‘फाइल गेली ती सोमवारी’. इंग्रजीत असा चिकटणारा प्रत्यय नाही आणि शब्दांची जागाही सहज हलवता येत नाही. मग ती भाषा वाक्यच मधून चिरते आणि एकाची दोन उपवाक्यं करते. ‘इट वॉज मीना हू सेंट द फाइल.’ ‘इट वॉज ऑन मंडे दॅट मीना सेंट द फाइल.’ ‘व्हॉट मीना सेंट वॉज द फाइल.’

डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन याने 1937च्या ‘अ‍ॅनॅलिटिक सिंटॅक्स’ या ग्रंथात अशा वाक्यांसाठी ‘क्लेफ्ट सेंटेन्स’ ही संज्ञा वापरली आणि ती टिकली. वर्गात मुलं ‘इट-क्लेफ्ट’ आणि ‘व्हॉट-क्लेफ्ट’ असंच म्हणतात. शाळेच्या व्याकरणात या वाक्यांना फारशी जागा मिळत नाही. परदेशी विद्यापीठासाठी किंवा नोकरीसाठी केंब्रिजच्या वरच्या पातळीच्या परीक्षांना बसणाऱ्यांची मात्र त्यांच्याशी हमखास गाठ पडते, ती वाक्य बदलून लिहिण्याच्या प्रश्नात.

या परीक्षांपैकी सर्वात वरची म्हणजे ‘सी टू प्रोफिशिअन्सी’. ती पहिल्यांदा झाली 1913मध्ये. तेव्हा परीक्षार्थी तीन होते आणि तिघेही नापास झाले. आज तिच्या ‘रीडिंग अँड यूज ऑफ इंग्लिश’ या पेपरातल्या चौथ्या भागात सहा प्रश्न असतात. मूळ वाक्य दिलेलं असतं, खाली एक ठळक शब्द असतो आणि त्याखाली दुसरं वाक्य असतं, ज्यात मध्ये मोकळी जागा सोडलेली असते. ठळक शब्द जसाच्या तसा वापरून, तीन ते आठ शब्दांत ती जागा अशी भरायची की दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच राहील. एक पायरी खालच्या ‘सी वन अ‍ॅडव्हान्स्ड’मध्येही हाच प्रकार असतो, फक्त मर्यादा तीन ते सहा शब्दांची. प्रत्येक प्रश्नाला दोन गुण. अर्धं उत्तर बरोबर असेल तर एक गुण मिळू शकतो. ‘वॉझन्ट’सारखं जोडरूप लिहिलं तर ते दोन शब्द धरले जातात, आणि ठळक शब्दाचं रूप थोडंही बदललं की उत्तर बाद.

नियम एवढेच. अडचण व्याकरणाच्या आधीच सुरू होते. चिरलेल्या वाक्याचे दोन भाग असतात. एका भागात ऐकणाऱ्याने आधीच मान्य केलेली गोष्ट असते, दुसऱ्यात नवं उत्तर. ‘इट वॉज मीना हू सेंट द फाइल’ म्हणणारा माणूस फाइल गेली हे सिद्ध करत बसत नाही. ते ठरलेलंच आहे असं तो गृहीत धरतो आणि फक्त पाठवणाऱ्याचं नाव सांगतो. म्हणजे या वाक्याच्या पोटात एक न विचारलेला प्रश्न दडलेला असतो: फाइल कोणी पाठवली? तो प्रश्न ओळखता आला की वाक्य कुठे चिरायचं हे आपोआप ठरतं. बहुतेक चुकलेल्या उत्तरांत व्याकरणाची पाटी कोरी नसते. हा प्रश्नच चुकीचा धरलेला असतो.

प्रश्न बरोबर धरला की नाही, हे तपासायची एक जुनी आणि भरवशाची रीत आहे. वाक्य नकारी करून पाहायचं. ‘मीना डिडन्ट सेंड द फाइल’ असं म्हटलं, तर फाइल गेलीच नसेल अशीही शक्यता उरते. पण ‘इट वॉझन्ट मीना हू सेंट द फाइल’ म्हटलं, तर फाइल गेली हे पक्कं राहतं. मीनाचं नाव तेवढं खोडलं जातं. नकार देऊनही जे टिकतं, तो मान्य केलेला भाग. वकील आणि पुढारी ही रचना मोठ्या आवडीने वापरतात याचं कारण हेच. ‘हा घोटाळा सुरू केला तो आमच्या सरकारने नव्हे’ असं कोणी म्हणालं की घोटाळा झाला, हे त्याने नकळत कबूल केलेलं असतं. मराठीत चालतं ते इंग्रजीतही चालतं, फरक आहे तो वाक्याच्या बांधणीचा.

आता ‘इट’ कधी आणि ‘व्हॉट’ कधी? ‘इट’च्या रचनेत ज्याच्यावर भर द्यायचा तो तुकडा ‘इट वॉज’च्या लगेच पुढे येतो. तिथे माणूस चालतो, वस्तू चालते, ठिकाण आणि वेळ चालते, ‘बिकॉज’ने सुरू होणारं कारणही चालतं. क्रियापद मात्र तिथे बसत नाही. ‘मीनाने काय केलं?’ या प्रश्नाचं उत्तर त्या जागी घालायचा प्रयत्न केला तर ‘इट वॉज सेंड द फाइल दॅट मीना डिड’ असं काहीतरी निघतं, जे कोणी इंग्रज बोलत नाही. तिथे ‘व्हॉट’ लागतो: ‘व्हॉट मीना डिड वॉज सेंड द फाइल.’

ही रचना मराठी माणसाला परकी वाटण्याचं खरं तर काही कारण नाही. ‘मीनाने काय केलं, तर सरळ फाइल मंत्र्यांकडे पाठवली’ हे आपण रोज बोलतो. आधी प्रश्न हवेत सोडायचा, ‘तर’ म्हणून क्षणभर थांबायचं, मग उत्तर द्यायचं. ‘झालं काय, की गाडीच आली नाही’ हे तर ‘व्हॉट हॅपन्ड वॉज दॅट द बस डिडन्ट कम’चं तंतोतंत जुळं आहे. पण परीक्षेच्या खोलीत ही ओळख कोणाला आठवत नाही, कारण इंग्रजी लिहिताना आपण बोलीतलं काही आणायचं नसतं असा समज पक्का झालेला असतो.

उलट बाजूने, ‘व्हॉट’ माणसासाठी चालत नाही आणि त्याच्या जागी नुसतं ‘हू’ही चालत नाही. ‘हू सेंट द फाइल वॉज मीना’ हे आजच्या इंग्रजीत चूक मानलं जातं. त्यासाठी ‘द पर्सन हू सेंट द फाइल वॉज मीना’ असं नाम आणावं लागतं, किंवा मग ‘इट’कडे वळावं लागतं.

आता एक प्रश्न परीक्षेत येतो त्या थाटात सोडवून पाहू. मूळ वाक्य असं: ‘आय ओन्ली रिअलाइझ्ड हाऊ लेट इट वॉज व्हेन द वॉचमन स्विच्ड ऑफ द लाइट्स.’ वॉचमनने दिवे घालवले तेव्हा कुठे किती उशीर झालाय हे लक्षात आलं. ठळक शब्द: ‘अंटिल’. दुसरं वाक्य ‘इट’ने सुरू होतं, मग मोकळी जागा, मग ‘स्विच्ड ऑफ द लाइट्स दॅट आय रिअलाइझ्ड हाऊ लेट इट वॉज.’

पहिलं काम, दडलेला प्रश्न शोधणं. उशीर झालाय हे लक्षात आलं, ही मान्य गोष्ट. कधी आलं, हा प्रश्न. म्हणजे भर आहे वेळेवर, आणि ती वेळ ‘इट वॉज’च्या पुढे यायला हवी. दुसरं काम, ‘अंटिल’ कसा बसवायचा. मूळ वाक्यातला ‘ओन्ली व्हेन’ होकारी आहे: तेव्हाच कळलं. ‘अंटिल’ने तीच गोष्ट सांगायची तर नकार लागतो: तोपर्यंत कळलं नव्हतं. म्हणून ‘वॉज नॉट अंटिल’. उरली एक गोष्ट. मोकळ्या जागेनंतर लगेच ‘स्विच्ड ऑफ’ येतं, म्हणजे दिवे घालवणारा माणूस जागेच्या आतच असला पाहिजे. उत्तर झालं ‘वॉज नॉट अंटिल द वॉचमन’, एकूण पाच शब्द.

या एका प्रश्नात पाय घसरण्याच्या बऱ्याच जागा आहेत. काहीजण ‘नॉट’ विसरतात आणि ‘इट वॉज अंटिल द वॉचमन’ लिहितात. अर्थ उलटा होतो किंवा काहीच होत नाही. काहीजण ‘द वॉचमन’ बाहेर ठेवतात, मग दिवे कोणी घालवले ते वाक्यातून गायबच होतं. तिसरी चूक बऱ्यापैकी हुशार विद्यार्थी करतात. त्यांनी दुसऱ्या एका धड्यात ‘नॉट अंटिल’ पुढे आणलं की कर्ता आणि सहायक क्रियापद उलटतात हे शिकलेलं असतं: ‘नॉट अंटिल द वॉचमन स्विच्ड ऑफ द लाइट्स डिड आय रिअलाइझ…’ ते बरोबरच आहे. पण पूर्ण वाक्य स्वतः लिहायची वेळ आली की ‘इट वॉज नॉट अंटिल… दॅट डिड आय रिअलाइझ’ असं दोन नियमांचं कडबोळं हातून होतं. वाक्य ‘इट वॉज’ने चिरलं असेल तर ‘दॅट’नंतरचा क्रम सरळच राहतो, ‘दॅट आय रिअलाइझ्ड’. उलटापालट फक्त ‘इट’ नसताना. दोन्ही रचना भर देण्यासाठीच आहेत आणि एका वेळी एकच वापरायची असते.

‘ओन्ली’ या शब्दापाशी मराठी माणसाने थोडं जास्त थांबावं. ‘तो कालच आला’ याचं इंग्रजी आपल्याकडे सर्रास ‘ही केम यस्टरडे ओन्ली’ असं होतं. भारतीय इंग्रजीत हा ‘ओन्ली’ इतका रुळला आहे की भाषाशास्त्रज्ञ त्याला या इंग्रजीचं एक ओळखचिन्ह मानतात. आपल्या भाषांतला भर देणारा अव्यय त्याच्यामागे उभा असतो. बोलण्यात त्याला हरकत घेणं कोतेपणाचं आहे. पण केंब्रिजच्या उत्तरपत्रिकेत तो अर्थ बिघडवतो, कारण तिथे ‘ओन्ली’ म्हणजे ‘फक्त’, आणि ‘काल’वर नुसता भर द्यायचा असेल तर लागतं ‘इट वॉज यस्टरडे दॅट ही केम’. मराठीत ‘च’ ही दोन्ही कामं करतो. ‘मीनानेच पाठवली’ म्हणजे मीनाने, दुसऱ्या कोणी नाही. आणि ‘कालच आला’ म्हणजे फार दिवस झाले नाहीत, अगदी काल. इंग्रजी लिहिताना आपल्याला यातला कोणता ‘च’ म्हणायचाय हे आधी ठरवावं लागतं. दुसऱ्या अर्थाचा ‘च’ असेल तर ‘ओन्ली’ ‘यस्टरडे’च्या आधी बसतो, ‘ओन्ली यस्टरडे’, आणि वाक्य चिरायची गरजच पडत नाही.

‘व्हॉट’च्या रचनेत अडचण वेगळ्या जागी येते. ‘वॉज’च्या पुढे क्रियापद कोणत्या रूपात लिहायचं? ‘व्हॉट ही डिड वॉज रिझाइन्ड’ असं लिहिण्याचा मोह होतो, कारण गोष्ट भूतकाळातली आहे. पण भूतकाळ ‘डिड’ने आधीच घेतलेला असतो. पुढे मूळ रूप यायला हवं: ‘रिझाइन’ किंवा ‘टू रिझाइन’, दोन्ही चालतात. क्रिया चालू असेल तर मात्र दोन्हीकडे चालू रूप लागतं: ‘व्हॉट शी इज डूइंग इज रायटिंग अ बुक.’

‘ऑल’ हा त्याचाच धाकटा भाऊ. मूळ वाक्य: ‘शी जस्ट सॅट डाउन अँड रोट टू द मिनिस्टर.’ ठळक शब्द ‘डिड’. दुसरं वाक्य ‘ऑल’ने सुरू होतं आणि ‘डाउन अँड राइट टू द मिनिस्टर’ने संपतं. इथे शेवटचा ‘राइट’ हीच खूण आहे. तो ‘रोट’ नाही, म्हणजे त्याच्या जोडीचा ‘सॅट’सुद्धा ‘सिट’ झाला पाहिजे. उत्तर: ‘शी डिड वॉज सिट’. आणि ‘जस्ट’ कुठे गेला? तो ‘ऑल’मध्ये विरघळला. तिने फार काही केलं नाही, केलं ते एवढंच, हा भाव ‘ऑल’च सांगतो. दुसऱ्या वाक्यात ‘जस्ट’ पुन्हा घुसवला तर भर दुहेरी होतो.

कधीकधी वाक्य उलटं लावलेलं असतं आणि तिथे भले भले चकतात. ‘हिज रिफ्यूजल टू अपॉलजाइझ अनॉइड हर मोर दॅन एनीथिंग एल्स.’ त्याने माफी मागायला दिलेला नकार तिला सर्वात जास्त खटकला. ठळक शब्द ‘व्हॉट’. दुसरं वाक्य ‘हिज रिफ्यूजल टू अपॉलजाइझ’ने सुरू होतं, मध्ये जागा, शेवटी ‘मोस्ट’. ‘व्हॉट’ दिसला की तो वाक्याच्या तोंडाशी हवा असं डोक्यात बसलेलं असतं. इथे तोंड दुसऱ्यानेच अडवलं आहे. पण चिरलेले दोन भाग अदलाबदल करता येतात. उत्तर आधी, प्रश्न मागून: ‘वॉज व्हॉट अनॉइड हर’. मराठीत हे ‘त्याचा नकार, तेच तिला खटकलं’ इतकं सरळ आहे.

शब्दयोगी अव्ययांचीही एक बारीक खोड आहे. ‘टू द मिनिस्टर’ला ‘इट वॉज’च्या पुढे आणलं, म्हणजे ‘टू’ तिकडे गेला. तरी सवयीने तो वाक्याच्या शेवटी पुन्हा राहतो: ‘इट वॉज टू द मिनिस्टर दॅट शी सेंट द फाइल टू’. एकाच वस्तूसाठी दोनदा पावती फाडल्यासारखं. ‘टू’ पुढे न्या किंवा मागे ठेवा, दोन्हीकडे नको. आणि भर दिलेला तुकडा अनेकवचनी असला तरी सुरुवात ‘इट वॉज’नेच होते. ‘इट वॉज द नेबर्स हू कॉल्ड द पोलीस.’ इथे ‘दे वेअर’ लिहिणारा विद्यार्थी व्याकरणाची काळजी जरा जास्तच घेत असतो.

‘इट’ने सुरू झालेलं प्रत्येक वाक्य चिरलेलं नसतं, हेही लक्षात ठेवावं लागतं. ‘इट वॉज अ पिटी दॅट शी लेफ्ट’ यात ‘अ पिटी’वर कोणाला भर द्यायचा नाही, ती गेली ही वाईट गोष्ट, एवढंच म्हणणं आहे. ओळखायची रीत सोपी आहे. ‘इट वॉज’ आणि ‘दॅट’ काढून टाका आणि उरलेले तुकडे पुन्हा जोडा. ‘मीना सेंट द फाइल’ हे धड वाक्य जुळून येतं, म्हणजे ते आधी चिरलेलं होतं. ‘अ पिटी शी लेफ्ट’मधून पूर्ण वाक्य जुळत नाही, कारण ते कधी चिरलेलंच नव्हतं. परीक्षेत हा फरक उपयोगी पडतो, कारण दोन्ही प्रकारांचे प्रश्न सारखेच दिसतात.

काही कारणं ‘इट वॉज’च्या पुढे का बसत नाहीत, हे एकदा समजून घेण्यासारखं आहे. ‘बिकॉज’ने दिलेलं कारण बसतं: ‘इट वॉज बिकॉज शी वॉज इल दॅट शी रिझाइन्ड.’ पण तेच कारण ‘सिन्स’ किंवा ‘अ‍ॅज’ने दिलं तर वाक्य मोडतं. ‘सिन्स’ आणि ‘अ‍ॅज’ने दिलेलं कारण ऐकणाऱ्याला साधारण माहीत आहे असं बोलणारा धरून चालतो. ‘इट वॉज’च्या पुढची जागा तर नव्या उत्तराची. जुनी गोष्ट नव्याच्या जागी बसवायला गेलं की वाक्य ती स्वीकारत नाही. म्हणून मूळ वाक्य ‘सिन्स’ने सुरू होत असेल आणि खालचं ‘इट’ने, तर मधल्या जागेत ‘बिकॉज’ आणावाच लागतो.

‘इट’ आणि ‘व्हॉट’ यांच्यातला आणखी एक फरक परीक्षेत विचारत नाहीत, पण निबंध लिहिताना तो आडवा येतो. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ एलन प्रिन्स यांनी 1978 साली ‘लँग्वेज’ या नियतकालिकात या दोन रचनांची तुलना केली. त्यांच्या निरीक्षणाचा गाभा असा: ‘व्हॉट’ वापरायचा तर त्याच्या पोटातला प्रश्न त्या क्षणी ऐकणाऱ्याच्या मनात असायला हवा. ‘इट’ला तेवढी अट नाही. ‘इट’च्या एका प्रकारात तर ‘दॅट’नंतरची माहिती वाचकाला चक्क नवी असते, पण जगाला आधीपासून ठाऊक असल्याच्या थाटात ती मांडली जाते. वर्तमानपत्रातले लेख ‘इट वॉज इन 1913 दॅट…’ अशा वाक्याने सुरू होतात ते याच बळावर.

म्हणून एखादा विद्यार्थी निबंधाचा पहिलाच परिच्छेद ‘व्हॉट वी मस्ट अंडरस्टँड इज…’ने सुरू करतो तेव्हा ते जरा चढेल वाटतं. वाचकाने अजून काही विचारलेलंच नसतं. तेच वाक्य तिसऱ्या परिच्छेदात, दोन मतं मांडून झाल्यावर आलं तर शोभतं, कारण तोपर्यंत ‘मग समजून काय घ्यायचं?’ हा प्रश्न खरोखरच तयार झालेला असतो. एका पानात अशी चार वाक्यं आली की मात्र प्रत्येक वाक्य ओरडायला लागतं आणि भर कशावरच राहत नाही. परीक्षेच्या चौथ्या भागात ही रचना जमली म्हणून लेखनाच्या पेपरात ती पेरत सुटणारे विद्यार्थी आहेतच. त्यांनी पहिला मसुदा झाल्यावर ‘इट वॉज’ आणि ‘व्हॉट’च्या प्रत्येक वाक्यासमोर त्याच्या पोटातला प्रश्न पेन्सिलीने लिहून पाहावा. ज्या वाक्याचा प्रश्न आधीच्या ओळींतून उभा राहत नाही, ते पुन्हा साधं करून टाकावं: ‘मीना सेंट द फाइल टू द मिनिस्टर’.